दुसरा ट्रान्सफर निगेटिव्ह आल्यानंतर

प्रश्न: वय ३३, लग्नाला ७ वर्षं. मिस्टरांचा शुक्राणूंचा काउंट कमी म्हणून इक्सी केलं. बीजं काढायच्या एका पिकअपमधून चार ब्लास्टो, म्हणजे वाढवलेले गर्भ, मिळाले. दोन ट्रान्सफर झाले, दोन्ही निगेटिव्ह. दुसऱ्याचा रिपोर्ट येऊन आज २४ दिवस झाले. उरलेले दोन फ्रीज आहेत आणि मिस्टर म्हणतात पुढच्याच पाळीला तिसरा करून टाकू. मला दवाखान्याचं नाव काढलं तरी रडू येतं. सासूबाई म्हणतात, टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही. काउंटचं घरात कुणाला माहीत नाही, सगळे मलाच बोलतात. नवरा-बायको म्हणून आमचं बोलणं आता फक्त औषधांपुरतं उरलंय. माझ्या टेन्शनमुळेच फेल गेलं का? हे इंजेक्शनांमुळे होतंय की मीच अशी झालेय? आणि आमच्या दोघांचं काय होणार?

उत्तर:

आधी टेन्शनचं बोलू, कारण ते ओझं घेऊन तुम्ही पुढचं काही ऐकू शकणार नाही. नाही, तुमच्या टेन्शनमुळे ट्रान्सफर फेल गेलेला नाही. हा प्रश्न नीट तपासला गेलेला आहे. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता, त्यात ३,५८३ स्त्रिया होत्या. उपचार सुरू होण्याआधी प्रत्येकीची चिंता आणि उदासी मोजली होती, आणि नंतर त्या सायकलमध्ये कुणाला राहिलं, कुणाला नाही ते पाहिलं. फार चिंतेत असलेल्या आणि शांत असलेल्या बायकांच्या निकालात फरक आढळला नाही. गर्भ रुजत नाही याचं एक मोठं कारण गर्भाच्या गुणसूत्रांत असतं, आणि ते ट्रान्सफरच्या आधीच ठरून गेलेलं असतं. तुम्ही त्या दिवशी जिना चढलात, रिक्षातून आलात, रात्री रडलात, याने त्यात बदल होत नाही. ट्रान्सफरनंतर पडून राहिल्यानेही फायदा होत नाही.

मी पुण्यात गेली १८ वर्षं वंध्यत्वाच्या दवाखान्यांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. 'टेन्शन घेऊ नकोस' या वाक्याने जेवढं नुकसान होताना पाहिलंय, तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने होताना पाहिलं. म्हणणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. पण ऐकणारीला त्यातून एवढंच कळतं की निकाल तिच्या हातात होता आणि तिने तो घालवला. मग ती टेन्शन आल्याचंही टेन्शन घेते. तुमच्या सासूबाईंकडे तर दुसरी माहितीच नाही. खरं कारण त्यांना ठाऊक नाही, म्हणून डोळ्यांना जे दिसतं, म्हणजे तुमचं रडणं, तेच त्या कारण धरतात. याकडे पुढे पुन्हा येते.

आता इंजेक्शनं की मी. याचं उत्तर बऱ्याच अंशी तारखांवरून काढता येतं, आणि तुम्ही २४ दिवस लिहिलेत हे बरं झालं. फ्रोझन ट्रान्सफरला बहुधा इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि नंतर प्रोजेस्टेरॉन दिलेलं असतं. प्रोजेस्टेरॉनने झोप येते, छाती जड होते, पोट फुगतं, मन हळवं होतं. ही सगळी लक्षणं राहिल्यावरही होतात आणि पाळी येण्याआधीही होतात. त्या दोन आठवड्यांत बाई दिवसातून वीसदा छाती दाबून बघते आणि त्यातून तिला काही म्हणजे काही कळू शकत नाही, कारण ती औषधाची लक्षणं वाचत असते. त्यातून प्रोजेस्टेरॉन चालू असताना पाळीही लांबू शकते. मग पाळी आली नाही म्हणून आशा वाढते आणि दुसऱ्या दिवशी बीटा, म्हणजे गर्भधारणेची रक्ततपासणी, निगेटिव्ह येतो. ज्यांनी हे भोगलंय त्यांना हा फटका समजावून सांगावा लागत नाही.

निगेटिव्ह रिपोर्ट आला की औषधं बंद करतात. साधारण आठवड्याच्या आत पाळी येते आणि बाहेरून दिलेल्या हार्मोनचा परिणाम पुढच्या काही दिवसांत ओसरतो. तुमची पाळी चौथ्या-पाचव्या दिवशी आली असेल तर आज तुम्ही पाळीच्या विसाव्या दिवसाच्या आसपास आहात. म्हणजे आज जे रडू येतंय ते इंजेक्शनांचं नाही. येत्या आठवड्यात पाळीआधीची नेहमीची चिडचिड त्यात मिसळेल, तेवढं लक्षात ठेवा. पण मूळ गोष्ट शोकाची आहे. दोन वेळा तुम्ही पडद्यावर तो पांढरा ठिपका पाहिलात, दोन वेळा मनात महिना मोजून प्रसूतीची तारीख काढलीत. जे गेलं त्याला नाव नाही, त्याचं सुतक कुणी पाळत नाही, भेटायला कुणी येत नाही. 'मीच अशी झालेय' असं तुम्हाला वाटतं, कारण आजूबाजूच्या कुणाच्याही हिशेबात काही घडलेलंच नसतं.

शोक आणि नैराश्य यांत मात्र फरक करायला हवा, कारण नैराश्यावर उपचार लागतात. शोक लाटांनी येतो. दवाखान्याचा रस्ता, शेजारणीचं डोहाळजेवण, व्हॉट्सअ‍ॅपवरचा बारशाचा फोटो, असं काही समोर आलं की लाट येते, आणि अधूनमधून ती ओसरतेसुद्धा. एखाद्या संध्याकाळी मैत्रिणीच्या बोलण्यावर तुम्ही हसता आणि मग हसल्याबद्दल अपराधी वाटतं. नैराश्यात ओसरणंच राहत नाही. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहतं किंवा कशातच रस वाटत नाही. सोबत पहाटे जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, भूक जाणं, कामात लक्ष न लागणं, आपण निरुपयोगी आहोत असं सतत वाटणं यांतलं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. तुम्ही १४ दिवस एक साधं काम करा. रोज रात्री एकच ओळ लिहा: मनाला दहापैकी किती गुण, झोप किती तास, पाळीचा कितवा दिवस, आणि आज काय घडलं. गुण खाली-वर होत असतील आणि घटनांशी जुळत असतील तर तो शोक आहे. सगळे दिवस दोन-तीनवरच सपाट असतील तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मूल हवंय म्हणून मनाची औषधं घेता येत नाहीत, ही समजूत चुकीची आहे. गर्भधारणेचा प्रयत्न चालू आहे हे डॉक्टरांना सांगायचं, त्यानुसार ते औषध निवडतात. आधीपासून चालू असलेली गोळी मात्र ट्रान्सफर आलाय म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि जगू नये असा विचार मनात येत असेल, ओझरता का होईना, तर १४ दिवस थांबायचं नाही. त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांगा आणि १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा. तो फोन फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीतून बोलता येतं.

आता तुमच्या दोघांचं. इथे मी एका जोडप्याची गोष्ट सविस्तर सांगते, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून. ती बँकेत, वय ३५. तो पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारा. त्याचाही काउंट आणि मोटिलिटी कमी होती, तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. त्यांचेही दोन ट्रान्सफर निगेटिव्ह गेले होते. ती एकटीच माझ्याकडे आली आणि पहिल्या पाच मिनिटांत म्हणाली, "त्यांना काही वाटतच नाही हो. रिपोर्ट आला त्या रात्री मी बाथरूममध्ये रडत होते आणि हे बाहेरून विचारत होते, पुढची तारीख कधीची घेऊ."

त्याने एक एक्सेल शीट केली होती. कुठल्या दिवशी फॉलिकल किती मिलिमीटरचा, कुठलं इंजेक्शन, किती युनिट, बिल किती, सगळं त्यात होतं. तिला ती शीट म्हणजे त्याच्या कोरडेपणाचा पुरावा वाटायची. पुढच्या वेळी दोघांना एकत्र बसवलं आणि मी त्याला एकच प्रश्न विचारला: रिपोर्ट आल्यापासून घरी पोहोचेपर्यंत तुम्ही कुठे होतात? बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, कॉलेजच्या पार्किंगमध्ये दीड तास गाडीत बसून होतो. काच वर करून. घरी येताना पेट्रोल पंपावर तोंड धुतलं. "माझ्या रिपोर्टमुळे हिच्या पोटात चाळीसच्या वर सुया गेल्या. मीच रडायला लागलो तर तिने मलाही सांभाळायचं का?" ती शीट हेच त्याच्या हातात होतं, कारण सुया घेणं त्याला शक्य नव्हतं.

पुरुषाच्या कारणासाठी इक्सी होतं, म्हणजे बीजात एकेक शुक्राणू सुईने सोडून गर्भ तयार करतात, तेव्हा घरात एक विचित्र वाटणी होते. रिपोर्ट त्याचा आणि उपचार तिच्यावर. सोनोग्राफी तिची, भूल तिला, औषधांची सूज तिच्या अंगावर. त्याच्या वाट्याला एक डबी आणि वाट बघणं. बऱ्याच पुरुषांना याची खोल लाज असते. काउंट कमी असणं आणि पुरुषत्व कमी असणं या दोन गोष्टी आपल्याकडे एकच समजल्या जातात, खरं तर त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. लाजेतून माणूस एक तर गप्प होतो, नाहीतर कामाला लागतो. 'पुढच्याच पाळीला करून टाकू' ही घाई बऱ्याचदा त्यातूनच येते, कारण नवीन तारीख मिळाली की जुन्या रिपोर्टकडे बघावं लागत नाही. तुमच्या मिस्टरांचं असंच असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. त्यांच्याशी मी बोललेले नाही. पण 'त्यांना काही वाटत नाही' हा निष्कर्ष काढण्याआधी, त्या दिवशी ते कुठे होते आणि काय करत होते, एवढं जरूर विचारा.

त्या जोडप्याला मी सगळ्यात आधी वीस मिनिटांची वेळ ठरवून दिली. रात्री जेवणानंतर घड्याळ लावून वीस मिनिटं उपचारांबद्दल मनात जे असेल ते बोलायचं, दहा मिनिटं तिने, दहा त्याने. मधे तोडायचं नाही, उपाय सुचवायचा नाही. वेळ संपली की विषय बंद. औषधं, बिलं, अपॉइंटमेंट यांचं बोलणं यात आणायचं नाही, त्यासाठी रविवारी सकाळचा अर्धा तास वेगळा. ही पद्धत मी शोधलेली नाही, आमच्या क्षेत्रात ती बरीच जुनी आहे. ती चालते कारण दोघांची भीती वेगवेगळी असते. तिला वाटतं की हा कधीच बोलणार नाही, त्याला वाटतं की ही कधीच थांबणार नाही. घड्याळामुळे दोघांनाही खात्री मिळते. पहिल्या आठवड्यात त्यांचा प्रयोग फसला. त्याच्या दहा मिनिटांत तो पंख्याकडे बघत बसायचा. मग मी त्याला दिवसभरात सुचेल ते मोबाइलवर टिपून ठेवायला आणि रात्री फक्त वाचून दाखवायला सांगितलं. पहिल्या दिवशी त्याने वाचलं ते एवढंच होतं: "आज स्टाफरूममध्ये पेढे होते. मी दुपारभर वर्गातच थांबलो." ती नंतर मला म्हणाली की लग्न झाल्यापासून त्याच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात मोठं वाक्य होतं.

मग आला काउंटचा विषय, आणि तुमच्या पत्रातला मला सगळ्यात काळजीचा वाटणारा भाग हाच आहे. त्याचा रिपोर्ट त्याची खाजगी गोष्ट आहे. तो कुणाला सांगायचा हे ठरवण्याचा हक्क त्याचाच. तुम्ही रागाच्या भरात सासूबाईंसमोर तो फोडलात तर तुमची बाजू खरी असूनही त्याचा विश्वास जाईल, आणि तो परत यायला वर्षं लागतात. मी असं होताना पाहिलंय. पण त्याच्या हक्काची किंमत तुम्ही तुमच्या नावावर भरायची, हेही चालणार नाही. ती बँकेतली बाई दोन वर्षं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला टोमणे ऐकत होती, एका नातेवाईक बाईने तर तिला ओटी भरायच्या वेळी मागे सरायला सांगितलं. नवरा घरातच होता, गप्प होता. मला ती म्हणाली, "मला वांझ म्हणाल्या त्याचं नाही एवढं, ते गप्प राहिले त्याचं वाटतं." त्या दोघांतली दरी उपचारांमुळे नव्हती पडली. या गप्प राहण्यामुळे पडली होती.

यातून वाट अशी निघाली. रिपोर्ट उघड करायचा नाही, पण खोटंही टिकवायचं नाही. त्याने आईशी बोलायचं, एकट्याने, बायकोच्या गैरहजेरीत. वाक्य आम्ही तिघांनी मिळून तयार केलं आणि त्याने माझ्यासमोर तीनदा म्हणून पाहिलं: "आई, उपचार दोघांचेही चालू आहेत. कुणाचं काय ते आम्ही कुणालाच सांगणार नाही. पण तिच्यामुळे अडलंय असं समजू नकोस, आणि तिला याबद्दल परत कुणी काही बोललं तर मला चालणार नाही." शब्द आपापल्या घराप्रमाणे बदलतील. दोन गोष्टी मात्र बदलू नका. हे वाक्य त्यानेच बोलायचं, सुनेच्या तोंडून ते उलटून बोलणं ठरतं. आणि त्यात 'दोघांचेही' हा शब्द असलाच पाहिजे. आईने लगेच विचारलं, "म्हणजे तुझ्यात काही आहे का?" हे येणार हे आम्हाला माहीत होतं, आणि उत्तरही ठरलेलं होतं: "ते मी सांगणार नाही म्हणालो ना, आई." टोमणे त्या दिवसापासून बंद झाले असं नाही. पण पुढच्या वेळी कुणी बोललं तेव्हा तो तिथल्या तिथे म्हणाला, "हा विषय नको." तिला तेवढं पुरलं.

खोलीतल्या गोष्टीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, बहुतेक जण लिहीत नाहीत. पण बोलणं औषधांपुरतं उरतं तेव्हा जवळीकही बहुधा उरलेली नसते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं 'आज डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणून एकत्र आलेलं जोडपं पुढे एकमेकांना हात लावायलाही बिचकतं, कारण प्रत्येक स्पर्श परीक्षेसारखा वाटायला लागतो. ठरवून दिलेल्या दिवशी पुरुषाला जमत नाही, आणि एकदा जमलं नाही की पुढच्या वेळी आधीच भीती बसते. तुमच्या बाबतीत एक गोष्ट सोपी आहे, ती ओळखा. गर्भ तयार आहेत, फ्रीजरमध्ये आहेत. या महिन्यात तुमच्या एकत्र येण्यावर काहीही अवलंबून नाही. त्या दोघांना मी तीन आठवडे शरीरसंबंध पूर्ण बंद ठेवायला सांगितलं आणि त्याऐवजी रोज रात्री पाय चेपणं, केसांना तेल लावणं, जवळ झोपणं, एवढंच. पुढे काही होणार नाही हे आधीच ठरलेलं असलं की शरीर सैल पडतं. त्यांना तीन आठवडेही लागले नाहीत. ज्यांना पुढे पुन्हा पिकअप करायचाय आणि सॅम्पल देताना त्रास होतो, त्यांनी आधीच एक सॅम्पल फ्रीज करून ठेवायला सांगावं. तो सकाळचा ताण निम्मा तिथेच संपतो.

स्वतःबद्दल जे वाटतं त्याबद्दल मी एकच सुचवते. उपचार सुरू झाल्यापासून तुम्ही काय काय पुढे ढकललंत त्याची यादी करा. त्या बाईच्या यादीत प्रमोशनची परीक्षा होती, कारण बदली झाली तर दवाखाना लांब पडेल. स्कूटी होती, कुणीतरी धक्के बसतात म्हणालं म्हणून. बहिणीकडे जाणं होतं, तिला लहान बाळ आहे म्हणून. नवीन ब्लाउज शिवणंसुद्धा होतं, माप बदलेल म्हणून. चार वर्षं तिने 'राहिलं तर' या दोन शब्दांवर काढली होती. बाई म्हणून आपण अपुऱ्या आहोत असं वाटण्याचं अर्धं कारण लोकांचं बोलणं असतं, आणि अर्धं हे, की मूल सोडून बाकी सगळं तिने स्वतःच आयुष्यातून काढून टाकलेलं असतं. मग एका रिपोर्टवर सगळंच तोललं जातं. आम्ही यादीतली एकच गोष्ट परत आणली, स्कूटी. ती स्कूटीवरून बँकेत जायला लागली. परीक्षेचा फॉर्म तिने नंतर आपणहून भरला. बारशांना जायलाच हवं असं नाही. नवऱ्याने एकट्याने जाऊन यावं, किंवा दुसऱ्या दिवशी गर्दी नसताना पंधरा मिनिटं भेटून यावं. गेलं नाही म्हणून मत्सरी ठरत नाही कुणी.

आता पुढच्या पाळीला तिसरा ट्रान्सफर करायचा का. इथे वैद्यकीय बाजू तुमच्या बाजूने आहे. तुमचे गर्भ गोठवलेले आहेत आणि गोठवलेल्या गर्भाचं वय वाढत नाही. पिकअपच्या दिवशी जे वय होतं तेच राहतं. कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. तुम्ही ३३ च्या आहात. दोन-तीन महिने थांबल्याने या दोन गर्भांच्या शक्यतेत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. हाच प्रश्न ३९ वर्षांच्या, एकही गर्भ शिल्लक नसलेल्या बाईने विचारला असता तर मी वेगळं बोलले असते, तिथे महिने खरोखर मोजावे लागतात. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा: आमचे दोन ब्लास्टो आहेत, आम्ही तीन महिने थांबलो तर काय बिघडेल? आणि मागच्या दोन्ही वेळी का रुजलं नाही, पुढच्या वेळी तुम्ही काय वेगळं कराल? याचं उत्तर 'तेच परत करू' असं असेल तर तेही कळायला हवं. या प्रश्नांसाठी वेगळी वेळ मागा, सोनोग्राफीच्या रांगेत ते विचारून होत नाहीत. वंध्यत्व उपचारांच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे उपचारांची शक्यता आणि परिणाम यांबद्दल जोडप्याचं समुपदेशन करणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी ते संमतीपत्रावर सही घेण्यापुरतं होतं, म्हणून तुम्हीच मागायला हवं.

त्या जोडप्याने चार महिने थांबून तिसरा ट्रान्सफर केला. त्याआधी एका वहीच्या पानावर दोघांनी काही गोष्टी लिहिल्या. बीटाचा रिपोर्ट कुणाच्या मोबाइलवर येणार: त्याच्या. तो कधी उघडायचा: दोघांनी एकत्र, घरी, संध्याकाळी सहानंतर, ऑफिसमध्ये नाही. त्या दिवशी कुणाला कळवायचं: फक्त तिच्या बहिणीला. निगेटिव्ह आला तर पुढचे किती दिवस पुढच्या उपचारांचा शब्द काढायचा नाही: ३०. आणि यासाठी आणखी किती पैसे खर्च करायचे, तो आकडा, कारण आरोग्य विमा या उपचारांना बहुधा लागू होत नाही आणि कर्ज काढलेल्या जोडप्यांत थांबायचं कधी हे कर्जच ठरवायला लागतं. हे सगळं रिपोर्टच्या आधी लिहायचं असतं. निकाल लागल्यावर दोघांचीही बुद्धी त्या दिवसापुरती ठिकाणावर नसते.

तिसराही निगेटिव्ह आला. मी हे मुद्दाम सांगतेय. मन सावरलं म्हणून मूल राहतं असं नसतं, आणि कुणी तसं वचन देऊन पैसे घेत असेल तर तिथे जाऊ नका. या वेळी तो पार्किंगमध्ये गेला नाही. दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडली, मग त्याने खिचडी टाकली. ३१ व्या दिवशी ते चौथ्याबद्दल बोलले आणि एक वर्ष थांबायचं ठरवलं. वर्ष संपल्यावर ते माझ्याकडे आले ते दत्तक घेण्यासाठी कारा या सरकारी संस्थेत नोंदणी करावी का हे बोलायला. तो निर्णय दोघांचा होता आणि बोलताना वाक्यं एकमेकांची पुरी करत होते.

तुम्ही आज रात्री मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या, निदान त्या पार्किंगपर्यंतचं तरी. आणि पुढच्या पाळीचा दुसरा दिवस येण्याआधी दवाखान्यात फोन करून सांगा की या महिन्यात आम्ही येत नाही आहोत. फोन त्यांनी केला तर जास्त बरं.